स्क्रीन टाइमच्या सल्ल्याचा इतिहास : तीन वाक्ये, तीन उगम

लहान मुलांच्या पालकांसाठी केलेले स्क्रीन टाइमचे मार्गदर्शनपर व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यात तज्ज्ञ साधारण तीन गोष्टी सांगतात. दोन वर्षांखालील मुलाला स्क्रीन देऊ नका. व्हिडिओ कॉल मात्र चालेल. आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तास पुरे. तिन्ही वाक्ये सारख्याच खात्रीने उच्चारली जातात. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी तयार झाली आहेत. या टिपणात आपण तो क्रम पाहू.

पहिले वाक्य 1999 चे आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्या वर्षी दोन वर्षांखालील मुलांना टीव्ही दाखवू नये, अशी शिफारस केली. तेव्हा या वयातील मुलांवर टीव्हीचा काय परिणाम होतो, याविषयी थेट संशोधन फारच थोडे होते. मेंदूच्या वाढीसाठी माणसांशी प्रत्यक्ष देवाणघेवाण लागते, या माहितीच्या आधारे केलेला तो खबरदारीचा उपाय होता. म्हणजे नियम आधी आला, पुरावा नंतर.

त्या पुराव्यातील एक महत्त्वाचा प्रयोग पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे त्यांनी निवडली. काही बाळांसमोर चिनी (मँडरिन) बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून पुस्तके वाचत व खेळणी दाखवत असे. अशी 12 सत्रे झाली. दुसऱ्या गटाने तशाच व्यक्तींना टीव्हीवर पाहिले. नंतर मँडरिनमधील दोन जवळचे ध्वनी बाळांना वेगळे ओळखता येतात का, हे तपासले. प्रत्यक्ष व्यक्तीकडून ऐकलेल्या बाळांना ते जमले. टीव्ही पाहिलेल्या बाळांमध्ये मात्र काहीच फरक पडलेला दिसला नाही.

आता निष्कर्ष काढताना जपून राहा. बाळ टीव्हीवरून ती गोष्ट शिकले नाही, एवढेच या प्रयोगाने दाखवले. टीव्हीमुळे बाळाचे नुकसान झाले, असे दाखवले नाही. व्हिडिओंमध्ये ही दोन विधाने अनेकदा एकमेकांत मिसळतात.

दुसरे वाक्य यातूनच निघालेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. अडचण काचेच्या पडद्याची आहे, की पडद्यावरची व्यक्ती मुलाला प्रतिसाद देत नाही याची? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारा रोझबेरी व सहकाऱ्यांनी 24 ते 30 महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवली. काहींना समोरासमोर, काहींना व्हिडिओ कॉलवर, आणि काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीतून. पहिले दोन गट शब्द शिकले, तिसरा शिकला नाही. पडदा दोन्हीकडे होता. फरक प्रतिसादाचा होता. 2016 च्या अमेरिकन मार्गदर्शनात 18 महिन्यांखालील मुलांसाठी व्हिडिओ कॉलची सूट आली, ती याच विचाराशी जुळते. परगावच्या आजीशी फोनवर बोलणारे बाळ नियम मोडत नाही.

तिसरे वाक्य, म्हणजे एक तास, हा वेगळ्या प्रकारचा आकडा आहे. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो दिवसाच्या 24 तासांच्या हिशेबात मांडला. तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप आणि किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल हवी. बसून पडदा पाहण्याला कमाल एक तास, कमी असल्यास उत्तम. शिफारस ठाम शब्दांत होती, पण तिच्यामागच्या पुराव्याचा दर्जा ‘अत्यंत कमी’ असल्याचे संघटनेने स्वतःच नोंदवले. त्याच वर्षी ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने तासांचा आकडा ठरवण्याइतका पुरावा नाही असे सांगून पालकांना प्रश्न दिले: स्क्रीनचा वापर घराच्या नियंत्रणात आहे का, झोपेच्या आड येतो का, स्क्रीनसमोर खाणे वाढते का? पुरावा बहुतांशी तोच, निर्णय दोन. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 2021 च्या मार्गदर्शनात दोन ते पाच वर्षांसाठी एका तासाची मर्यादा स्वीकारली.

पालकांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. एक तास ही औषधाच्या मात्रेसारखी मर्यादा मानली, तर स्वयंपाक होईपर्यंत मुलाला सव्वा तास कार्टून लावून देणारी एकटी आई स्वतःला दोषी समजेल. उलट, पन्नास मिनिटांचा वापर झोपेच्या वेळी होत असेल, तरी ‘मर्यादेत आहे’ म्हणून सुटेल. आकडा मोजायला सोपा आहे; पण त्या वेळेमुळे झोप, खेळ आणि बोलणे यांपैकी काय कमी झाले, हे त्यातून कळत नाही.

स्वाध्याय : असा एखादा व्हिडिओ निवडा. त्यातील प्रत्येक सल्ल्यापुढे लिहा: हा प्रयोगातून आला, खबरदारी म्हणून आला, की दिवसाच्या हिशेबातून?