ध्वनिचित्रमुद्रणातील कार्डक्रमांक झाकणे

व्हिडिओ कॉलच्या मुद्रणात क्षणभर कॅमेऱ्यासमोर आलेला बँक कार्डाचा क्रमांक किंवा ओळखपत्रावरील तपशील, ते मुद्रण इतरांना देण्यापूर्वी न वाचता येण्याजोगा करणे, या प्रक्रियेला कार्डक्रमांक झाकणे म्हणतात. बोलणाऱ्याला स्वतःच्या पडद्यावर आपली प्रतिमा बहुधा आरशाप्रमाणे उलटी दिसते, त्यामुळे अक्षरे वाचता येत नाहीत असा त्याचा समज होतो; मुद्रणात मात्र ती सुलटी उमटतात.

भारतातील नियम

भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओद्वारे ग्राहक ओळख पडताळणीस परवानगी दिली. त्यामुळे दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावातील व्यक्तीलाही शाखेत न जाता खाते उघडणे शक्य झाले. या पडताळणीत पॅन कार्ड साधारणपणे कॅमेऱ्यासमोर स्पष्ट दाखवावे लागते, कारण त्याची प्रतिमा टिपली जाते. आधार क्रमांक मात्र संस्थेने झाकणे किंवा काळा करणे बंधनकारक आहे.

धूसर करण्याची मर्यादा

केवळ धूसर केलेले अंक सुरक्षित मानले जात नाहीत. अंक दहाच असतात; त्यामुळे प्रत्येक अंक त्याच ठशात लिहून, तितकाच धूसर करून मूळ चित्राशी ताडून पाहता येतो. चित्रफितीत हा धोका वाढतो, कारण हात किंचित हलल्याने प्रत्येक चौकटीत थोडी वेगळी माहिती शिल्लक राहते. शिवाय कार्डक्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असल्याने अंदाज चुकला आहे का, हेही बऱ्याचदा कळते. म्हणून अपारदर्शक काळी पट्टी अधिक योग्य ठरते.

उदाहरण

समजा, कार्ड ४ मिनिटे १२ सेकंदांपासून ४ मिनिटे १५ सेकंदांपर्यंत दिसते. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास या ७५ चौकटी होतात, आणि त्यांपैकी एकही सुटून चालत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सेकंद अधिक घेऊन पट्टी टाकतात:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "drawbox=x=400:y=300:w=480:h=300:color=black:t=fill:enable='between(t,251,256)'" -c:a copy out.mp4
```

येथील `x`, `y`, `w`, `h` हे आकडे प्रत्यक्ष चित्रानुसार बदलावे लागतात. पट्टी स्थिर असल्याने हाताच्या हालचालीचा सर्व पट्टा तिच्यात यावा लागतो. कार्डाचा माग काढणारी स्वयंचलित साधने ते तिरके होताच एकदोन चौकटी चुकतात आणि नेमकी तीच चौकट वाचता येते; त्यामुळे तयार फीत चौकटीगणिक पुढे सरकवून पाहणे टाळता येत नाही.

वरील आज्ञेत आवाज जसाच्या तसा राहतो. क्रमांक मोठ्याने वाचला गेला असल्यास तेवढा भाग वेगळा निःशब्द करावा लागतो, तसेच कॉलसोबत आपोआप तयार झालेला संभाषणाचा मजकूरही तपासावा लागतो. मूळ फीत सेवेच्या साठ्यात तशीच राहिली, तर झाकलेल्या प्रतीचा उपयोग होत नाही.