‘मुक्तिसंग्राम’ की ‘मुक्ती संग्राम’? : सामासिक शब्द जोडून लिहावा की तोडून

सप्टेंबर उजाडला की छत्रपती संभाजीनगरातील फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर एकच शब्द तीन रूपांत दिसू लागतो : ‘मुक्तिसंग्राम’, ‘मुक्ती संग्राम’ आणि ‘मुक्तीसंग्राम’. १९४८ साली हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपुष्टात आली, त्या घटनेच्या स्मरणार्थ १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात पाळला जातो. दिवस एक, शब्द एक. मग लेखन तीन प्रकारांचे का? या प्रश्नाच्या उत्तरात मराठी सामासिक शब्दांच्या लेखनाचे बहुतेक मर्म सामावलेले आहे. दोन शब्दांमध्ये जागा सोडावी की नाही, हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. त्या जागेवर आधीच्या शब्दातील इकार ऱ्हस्व राहणार की दीर्घ होणार, हे ठरते. आणि काही वेळा संपूर्ण शब्दसमूहाचा अर्थही ठरतो.

ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले व महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेले लेखनविषयक नियम १९६२ साली चौदा होते. १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. या अठरा नियमांनुसार मराठीत शब्दाच्या अखेरीस येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहिला जातो. संस्कृतातील ‘मुक्ति’, ‘कवि’, ‘गुरु’ हे शब्द मराठीत स्वतंत्रपणे येतात तेव्हा ‘मुक्ती’, ‘कवी’, ‘गुरू’ असे होतात. मात्र हाच शब्द समासाच्या पहिल्या पदी आला, तर तो शब्दाच्या अखेरीस राहत नाही. तेथे त्याचे मूळचे ऱ्हस्व रूप कायम ठेवावे, असा नियम आहे. म्हणून ‘मुक्तिसंग्राम’, ‘कविसंमेलन’, ‘गुरुदक्षिणा’. विद्यार्थी, प्राणी, पक्षी यांसारखे शब्दही याच वाटेने जातात : ‘विद्यार्थिसंघटना’, ‘प्राणिसंग्रहालय’, ‘पक्षिमित्र’.

या नियमाच्या उजेडात तीन रूपांचा निवाडा सोपा होतो. ‘मुक्तिसंग्राम’ हे जोडलेले व निर्दोष रूप. ‘मुक्ती संग्राम’ यात दोन्ही शब्द सुटे आहेत, त्यामुळे दीर्घ ईकार योग्य आहे. पण दोन नामे एकमेकांशेजारी नुसती उभी आहेत, त्यांचा संबंध सांगणारा प्रत्यय मध्ये नाही. ‘मुक्तीसंग्राम’ मात्र कोणत्याच बाजूने टिकत नाही. शब्द जोडला आणि ईकार सुट्या शब्दाचा ठेवला, अशी ती सरमिसळ आहे. शहरातील फलकांवर व बातम्यांच्या मथळ्यांत सर्वाधिक आढळणारी चूक याच जातीची असते.

पहिल्या पदाचे मूळ रूप दीर्घ असेल, तर ते समासातही दीर्घच राहते. नारी, भगिनी, नदी, लक्ष्मी हे शब्द संस्कृतातच दीर्घ आहेत. म्हणून ‘नारीशक्ती’, ‘भगिनीमंडळ’, ‘लक्ष्मीपूजन’. अस्सल मराठी किंवा तद्भव शब्दही आपला दीर्घ ईकार सोडत नाहीत. ‘पाणीपुरवठा’ हे त्याचे रोजच्या वापरातील उदाहरण. त्याच्या शेजारी ‘पाणिग्रहण’ ठेवून पाहावे. तेथील ‘पाणि’ म्हणजे हात. तो संस्कृत शब्द असल्याने ऱ्हस्व राहिला. संस्कृत न जाणणाऱ्यालाही एक खूण उपयोगी पडते. गती, मती, भक्ती, शक्ती, नीती, मुक्ती यांसारखे ‘ती’ने संपणारे क्रियावाचक किंवा भाववाचक तत्सम शब्द मुळात ऱ्हस्व असतात, नारी, देवी, भगिनी यांसारखी ईकारान्त स्त्रीवाचक नामे बहुधा दीर्घ असतात.

शहराच्या नावातच दोन्ही नियम

या नियमाची दोन्ही अंगे छत्रपती संभाजीनगर या नावातच एकत्र आली आहेत. जून २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने औरंगाबादसाठी ‘संभाजीनगर’ हे नाव मंजूर केले. पुढच्याच महिन्यात नव्या मंत्रिमंडळाने त्याआधी ‘छत्रपती’ ही उपाधी जोडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. ‘छत्रपती’ हा तत्सम शब्द येथे सुटा लिहिला जातो, म्हणून त्याचा अन्त्य ईकार दीर्घ. ‘छत्रपति संभाजीनगर’ हे लेखन मराठीच्या नियमात बसत नाही, ते हिंदीच्या वळणाचे आहे. हाच शब्द समासात गेला, की लगेच ऱ्हस्व होतो : ‘छत्रपतिपद’. ‘संभाजी’ हे मात्र मराठी विशेषनाम आहे. त्याला ‘नगर’ जोडले तरी त्याचा ईकार दीर्घच राहतो. ‘संभाजिनगर’ असे कोणी लिहीत नाही आणि लिहूही नये.

येथे एक बारकावा आहे. अर्थाने पाहिले तर ‘छत्रपती’ ही उपाधी ‘नगर’ची नसून ‘संभाजी’ची आहे. म्हणजे ‘छत्रपती संभाजी’ यांचे ‘नगर’ असा विग्रह होतो, तर लेखनात फट ‘छत्रपती’नंतर पडते. काटेकोर समास करायचा तर सगळेच एका शब्दात जोडावे लागेल आणि ते वाचवणार नाही. विशेषनामांच्या बाबतीत म्हणूनच अधिकृत लेखन प्रमाण मानावे लागते. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’, ‘मराठवाडा साहित्य परिषद’, ‘जिल्हा परिषद’ ही नावेही अशीच रूढीने सुटी लिहिली जातात. संस्थेच्या नावातील फट लेखकाने आपल्या मताने बुजवू नये. नावाबाहेरच्या गद्यात मात्र नियम पाळावा.

संधी कोठे करावा

समासात दोन स्वर एकमेकांना भिडले, की संधीचा प्रश्न येतो. विद्यापीठाच्या नावाचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. पुढील दीर्घ संघर्ष ‘नामांतर’ या शब्दाने ओळखला गेला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी जे प्रत्यक्षात घडले, त्यासाठी ‘नामविस्तार’ हा शब्द रूढ झाला. पहिल्या शब्दाचा अर्थ दुसरे नाव, दुसऱ्याचा अर्थ आहे त्या नावाची वाढ. ‘नाम’ आणि ‘अंतर’ यांतील दोन ‘अ’ एकत्र येऊन ‘नामांतर’ झाले. ‘नामविस्तार’मध्ये पुढचे पद व्यंजनाने सुरू होत असल्याने काहीच बदलले नाही. दोन्ही शब्द समास आहेत, म्हणून दोन्ही जोडूनच लिहायचे. संधी झाला नाही म्हणून शब्द तोडता येत नाही.

दोन्ही पदे संस्कृत असतील, तर समासात संधी करावा : उपायुक्त, उपाध्यक्ष, महोत्सव, ध्वजारोहण. एक पद अन्य भाषेतून आलेले असेल, तर रूढी निर्णय देते. ‘जिल्हा’ हा शब्द अरबीतून आलेला असूनही ‘जिल्हाधिकारी’ हा संधी पक्का रुजला आहे. त्याच न्यायाने ‘शहर’ आणि ‘अभियंता’ यांचा ‘शहराभियंता’ कोणी करीत नाही. तेथे ‘शहर अभियंता’ असे सुटेच लिहितात. ‘उपअभियंता’ या पदनामात दोन्ही अंगे संस्कृत असूनही संधी झालेला नाही, कारण पदनाम तसेच रूढ आहे. पण ‘उप’ हा उपसर्ग आहे, स्वतंत्र शब्द नाही. म्हणून संधी केला नाही तरी ‘उप अभियंता’ अशी फट ठेवणे चूकच. ‘महा’चेही तसेच : ‘महानगरपालिका’ या शब्दात ‘महा’ सुटा राहू शकत नाही.

अर्थ बदलतो तेथे

जोडण्याचा नियम आंधळेपणाने वापरला, तर अर्थ बिघडण्याचा धोका असतो. ‘माजी विद्यार्थी मेळावा’ हा शब्दप्रयोग सर्वत्र दिसतो. नियमानुसार ‘विद्यार्थिमेळावा’ असे जोडले, तर ‘माजी विद्यार्थिमेळावा’ होतो आणि ‘माजी’ हे विशेषण मेळाव्याला लागते. माजी कोण, विद्यार्थी की मेळावा, असा पेच पडतो. अशा ठिकाणी जोडणे आणि तोडणे या दोहोंपेक्षा समासच सोडवणे श्रेयस्कर : ‘माजी विद्यार्थ्यांचा मेळावा’. एका प्रत्ययाने संदिग्धता जाते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नही उरत नाही.

शब्द खरोखर एक आहे की दोन, हे पाहण्याची कसोटीही सोपी आहे. दोहोंच्या मध्ये आणखी एक शब्द घालून पाहावा. ‘शासकीय कार्यालय’ याचे ‘शासकीय जुने कार्यालय’ होऊ शकते. म्हणजे ते विशेषण आणि नाम आहे, सुटे लिहावे. ‘मुक्तिसंग्राम’मध्ये ‘दीर्घ’ हा शब्द मध्ये घालता येत नाही. ‘दीर्घ मुक्तिसंग्राम’ असेच म्हणावे लागते. म्हणजे तो एक शब्द आहे.

एका पत्रिकेचे शोधन

नमुन्यादाखल निमंत्रणपत्रिकेतील पुढील ओळ घेऊ : ‘मराठवाडा मुक्ती संग्राम दिना निमित्त विद्यार्थी वसतीगृहा समोर ध्वजा रोहण’.

प्रथम शब्दाच्या अखेरीस येणारी सामान्यरूपे शोधावीत. ‘दिना’ आणि ‘वसतीगृहा’ ही रूपे एकटी उभी राहत नाहीत. ‘दिन’ आणि ‘वसतिगृह’ यांना पुढे काही जोडायचे असते तेव्हाच ती तयार होतात. म्हणून ‘निमित्त’ आणि ‘समोर’ ही शब्दयोगी अव्यये त्यांना जोडावी लागतात : ‘दिनानिमित्त’, ‘वसतिगृहासमोर’. दुसऱ्या टप्प्यात समास जोडून पहिल्या पदाचा इकार तपासावा. ‘मुक्ती संग्राम’चे ‘मुक्तिसंग्राम’ होते. ‘वसति’ हा शब्द संस्कृतात ऱ्हस्व असल्याने ‘वसतीगृह’ हे ‘वसतिगृह’ होते. ‘विद्यार्थी वसतिगृह’ हा समास मानला, तर ‘विद्यार्थिवसतिगृह’. तो लांब वाटला, तर ‘विद्यार्थ्यांचे वसतिगृह’. तिसऱ्या टप्प्यात संधी. ‘ध्वज’ आणि ‘आरोहण’ यांतून ‘ध्वजारोहण’ होते. ‘ध्वजा रोहण’ अशी फोड केली, तर उरलेल्या ‘रोहण’ला तेथे अर्थच नाही. शेवटी विशेषनाम. ‘मराठवाडा’ आणि ‘दिन’ हेही तत्त्वतः याच समासाचे घटक आहेत. पण पाचसहा पदांची साखळी वाचनीय राहत नाही, म्हणून रूढीप्रमाणे ते सुटे ठेवावेत.

शुद्ध ओळ अशी होते : ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासमोर ध्वजारोहण’.

मूळ ओळीत दहा शब्द होते, शुद्ध ओळीत सहा उरले. तोडलेल्या प्रत्येक ठिकाणी काही ना काही चुकले होते : दोन ठिकाणी अव्यय सुटले होते, एका ठिकाणी संधी उकलला होता आणि एका ठिकाणी समासाची दोन पदे विलग झाली होती. ‘वसतीगृह’मध्ये मात्र फट नव्हती, तेथे शब्द जोडला होता, पण इकार जोडशब्दाचा केला नव्हता. संगणकावरील शुद्धलेखन तपासणीला ‘मुक्ती’ आणि ‘संग्राम’ हे दोन्ही शब्द सुटे असताना बरोबरच वाटतात. त्यामुळे अशा चुकांचा शोध मुद्रितशोधकाला स्वतःच्या डोळ्यांनीच घ्यावा लागतो, आणि तो घेताना अक्षरांइतकेच लक्ष शब्दांमधील मोकळ्या जागेकडे द्यावे लागते.