टप्प्याटप्प्याच्या दराची कुळकथा

जास्त माल घेतला की दर कमी होतो, ही बाजारातली जुनी सवलत. गणिताच्या साच्यात ती सहजासहजी बसत नव्हती. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत मांडली आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग कामाला लागले. त्यात खर्चाची रेषा सरळ असावी लागे, म्हणजे दहा नगांचा खर्च एका नगाच्या बरोबर दहापट. प्रत्यक्षातल्या दरपत्रकाची रेषा मध्येच मोडते. ती मोड कशी लिहायची, या प्रश्नातून आजची टप्पे आणि बायनरी चलांची मांडणी जन्माला आली.

पहिले उत्तर १९५४ मध्ये अब्राहम चार्न्स आणि कार्लटन लेम्के यांनी दिले. वाकड्या खर्चाचे लहान-लहान सरळ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र चल द्यायचे. पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा महाग असेल, तर एवढ्यावरच भागते. महाराष्ट्रातले घरगुती वीजबिल तसेच असते: पहिली १०० युनिट स्वस्त, त्यापुढची महाग. कमीत कमी खर्च शोधणारे गणित आपणहून स्वस्त तुकडा आधी संपवते आणि मगच महाग तुकड्याला हात लावते. क्रम पाळ, असे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

घाऊक सवलतीत हाच गुण उलटतो. समजा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा दर असा आहे: पहिली १०० खोकी ५० रुपयांना एक, पुढची २०० खोकी ४५ रुपयांना, त्यापुढची २०० खोकी ४० रुपयांना, पुरवठादार ५०० च्या वर देत नाही. गरज २५० खोक्यांची आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातली खरेदी x1, x2, x3 धरून नुसते टप्पे लिहिले, तर गणित २०० खोकी ४० रुपयांनी आणि ५० खोकी ४५ रुपयांनी उचलते आणि खर्च १०,२५० रुपये सांगते. पहिल्या टप्प्यातले एकही खोके न घेता तिसऱ्या टप्प्याचा दर कोणताही पुरवठादार देणार नाही. खरा खर्च ५,००० अधिक ६,७५०, म्हणजे ११,७५० रुपये.

आधीचा टप्पा भरल्याशिवाय पुढचा उघडू नये, ही अट सरळ रेषांच्या भाषेत लिहिताच येत नाही. तिथे होय किंवा नाही असा निर्णय लागतो. हॅरी मार्कोविट्झ आणि ॲलन मॅन यांनी १९५७ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त नेमका तो निर्णय मांडणीत आणला. गुंतवणुकीच्या सिद्धांतासाठी पुढे १९९० मध्ये नोबेल मिळवणारे मार्कोविट्झ ते हेच. या मांडणीचा गाभा आजच्या चिन्हांत असा लिहिता येतो. y1 आणि y2 ही चले फक्त ० किंवा १ होऊ शकतात. y1 म्हणजे पहिला टप्पा पूर्ण भरला, y2 म्हणजे दुसरा भरला.

```
100*y1 <= x1 <= 100
200*y2 <= x2 <= 200*y1
     0 <= x3 <= 200*y2
```

मधली ओळ दोन कामे करते. y1 शून्य असेल तर x2 ला शून्याच्या वर जाता येत नाही. y2 एक असेल तर x2 ला पूर्ण २०० व्हावेच लागते. खर्च 50*x1 + 45*x2 + 40*x3 असा सरळच राहतो. मोड सगळी या अटींत गेलेली असते.

डँटझिग यांनी १९६० च्या लेखात दाखवले की सुरुवातीचा ठरावीक खर्च, पर्यायांतून एकाची निवड आणि असा घसरता दर हे सगळे प्रश्न मूठभर पूर्णांक चलांनी लिहिता येतात. लिहिणे आणि सोडवणे या मात्र वेगळ्या गोष्टी. त्याच वर्षी आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी शाखा पाडत जाण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आधी y ला अपूर्णांक होऊ द्यायचे, मग जिथे तो अपूर्णांक येईल तिथे ० आणि १ अशा दोन वाटा करायच्या.

वरच्या उदाहरणात अपूर्णांकांना मुभा दिली, तर y1 आणि y2 दोन्ही अर्धे होतात, तिन्ही टप्पे निम्मे भरतात आणि खर्च ११,००० येतो. खऱ्या ११,७५० पासून हा आकडा फार दूर नाही, त्यामुळे निरुपयोगी वाटा लवकर छाटल्या जातात. शेवटच्या ओळीत २०० ऐवजी ‘भरपूर मोठा आकडा’ म्हणून १०,००० लिहिले, तर तीच मुभा खर्च सुमारे १०,०५० पर्यंत खाली ओढते आणि शाखा वाढत जातात. आकडा एक कोटीचा केला तर घोटाळा आणखी वेगळा होतो. सॉल्व्हर ०.००००१ इतक्या y ला शून्यच मानतात आणि तेवढ्यातून १०० खोकी स्वस्त टप्प्यात शिरतात. उत्तरात x1 पूर्ण भरलेले नाही आणि तरी x3 शून्याच्या वर आहे, एवढे पाहिले की ही गळती सापडते. मर्यादा दरपत्रकातूनच घ्यावी. मनाने ठोकून देऊ नये.

सवलतीची दुसरी जात म्हणजे टप्पा गाठताच संपूर्ण मालाला कमी दर. ९९ पर्यंत सगळी खोकी ५० रुपयांनी, १०० ते २९९ असतील तर सगळी ४५ ने, ३०० पासून सगळी ४० ने. इथे टप्पे भरत जायचे नसतात, त्यांतला एकच निवडायचा असतो. खरेदीची संख्या q1, q2, q3 यांपैकी एकातच येते, y चा अर्थ आता ‘तो टप्पा निवडला’ असा होतो आणि y3 ही आणखी एक खूण लागते:

```
y1 + y2 + y3 = 1
q1 <= 99*y1
100*y2 <= q2 <= 299*y2
300*y3 <= q3 <= 500*y3
```

या जातीत खर्च मधूनच खाली उडी मारतो. २८० खोक्यांना १२,६०० रुपये पडतात, ३०० ला १२,०००. गरज २६७ ते २९९ असेल तर ३०० घेणेच स्वस्त, वरची खोकी ठेवायला जागा असेल तर. म्हणून गरजेची अट ‘बरोबर इतकी’ अशी न लिहिता ‘किमान इतकी’ अशी लिहावी लागते. २८० च्या गरजेला बरोबरीचे चिन्ह घातले की सॉल्व्हर निमूटपणे १२,६०० चे उत्तर देतो आणि चूक कुठेच दिसत नाही.

१९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मार्टिन बील आणि जॉन टॉमलिन यांनी बायनरी चलांनाच फाटा दिला. मोडीच्या प्रत्येक बिंदूला एक वजन द्यायचे, वजनांची बेरीज १ ठेवायची आणि शून्य नसलेली वजने फार तर दोन व तीही शेजारशेजारची असावीत, ही अट थेट शाखा पाडणाऱ्या कार्यक्रमात घालायची. स्पेशल ऑर्डर्ड सेटचा दुसरा प्रकार तो हाच. बहुतेक मोठ्या सॉल्व्हरमध्ये तो आजही मिळतो. २०११ मध्ये हुआन पाब्लो व्हिएल्मा आणि जॉर्ज नेमहाउझर यांनी बायनरी चलांचा हिशेब आणखी खाली आणला: १,०२४ टप्प्यांना त्यांच्या मांडणीत १० बायनरी चले पुरतात. दरपत्रकात सहसा तीन-चारच टप्पे असतात, आणि तेवढ्यासाठी १९५७ ची मांडणी पुरेशी आहे.