थांबलेल्या प्रोग्रॅममधला तक्ता

डीबगर थांबला की व्हेरिएबलची किंमत दिसते, ही सोय जुनी आहे. एखादा आकडा किंवा नाव एका ओळीत मावतं. वेस मॅकिनीने २००८ मध्ये पांडाजचं काम सुरू केलं आणि पायथॉनवाल्यांच्या हातात हजारो ओळींचा डेटाफ्रेम आला. तो छापला, तर साठाहून जास्त ओळी असताना पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच दिसतात. मधे नुसती टिंबं.

घोळ बहुधा त्या टिंबांतच असतो. समजा, १२,००० ऑर्डरींना ग्राहकांचे पत्ते जोडले:

```
m = orders.merge(customers, on="cust_id")
```

पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून `m.shape` पाहिलं, तर ओळी निघाल्या १२,०४०. जास्तीच्या चाळीस आल्या कुठून? `m` डेटा व्ह्यूअरमध्ये उघडून ऑर्डर क्रमांकाच्या रकान्यावर क्रम लावला की एकच क्रमांक लागोपाठ दोनदा दिसतो, पत्ते मात्र वेगळे. म्हणजे काही ग्राहकांची नोंद `customers` मध्येच दोनदा आहे. मग `merge` ला `validate="many_to_one"` दिलं की पुढच्या वेळी प्रोग्रॅम तिथेच एरर देऊन थांबतो.

मॅटलॅबच्या लोकांना असा रकान्यांचा तक्ता आधीपासून सवयीचा होता. पायथॉनमध्ये तो रुळवला पिएर रेबोच्या स्पायडरने, २००९ च्या सुमारास. स्पायडर व्हेरिएबलची अख्खी नक्कल आपल्या प्रोसेसमध्ये आणतो. त्यामुळे पांडाज दोन्हीकडे लागतं, आणि तक्ता मोठा असला की मेमरीवर भार पडतो.

दुसरं घराणं एक्लिप्समधल्या पायडेव्हचं. फाबियो झाद्रोझ्नींचा `pydevd` हा डीबगर पुढे पायचार्मने घेतला, मायक्रोसॉफ्टच्या `debugpy` च्या पोटातही तोच आहे. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते. तक्ता जिथे आहे तिथेच राहतो. खिडकी थांबलेल्या प्रोसेसकडे फक्त एक तुकडा मागते: कितव्या ओळीपासून, कितव्या रकान्यापासून, किती. खाली सरकलात की पुढचा तुकडा येतो. पायचार्ममध्ये आकड्यांच्या चौकटी रंगवायच्या असतील, तर रकान्यातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत लागते, तेवढ्यापुरता मात्र पूर्ण रकाना वाचावा लागतो.

हे सगळं काम थांबलेल्या प्रोसेसमध्येच होत असल्याने त्याच्या मर्यादाही तिथूनच येतात. व्हीएस कोडचा व्ह्यूअर साध्या लिस्टचाही आधी डेटाफ्रेम बनवतो, म्हणून त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पांडाज नसेल तर लिस्टसुद्धा उघडत नाही. डास्कचा तक्ता असेल तर जास्त जपावं लागतं. त्यात आकडे तयार नसतात, करायच्या कामांची यादी असते, आणि ओळी मागितल्या की ते काम सुरू होतं. तिथे आधी `head()` घ्यावं: ते सहसा पहिल्या भागापुरतंच काम करतं आणि हातात साधा डेटाफ्रेम देतं. तो बिनधास्त उघडावा.