भाऊ ३० वर्षं एकटाच वडिलांच्या घरात राहतोय. बहिणीला आता हिस्सा मागता येतो का?

वडील गेले तेव्हा वाटणीचा विषय कुणी काढला नाही. आई होती, थोरला भाऊ घरातच राहत होता, बाकीची भावंडं नोकरी-लग्नामुळे बाहेरगावी गेली. घरपट्टी भाऊ भरत राहिला, कौलं जाऊन स्लॅब आला. तीस-पस्तीस वर्षांनी बहीण हिस्स्याचं विचारते आणि उत्तर मिळतं, "बारा वर्षं झाली की कब्जा ज्याचा त्याचं घर. आता काही मिळत नाही."

हा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि वारसांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा आहे. मात्र त्यात बारा वर्षांची एक खरी मुदतही दडलेली आहे. ती नेमकी कधीपासून मोजायची, यावर सगळं अवलंबून असतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधलं. १९८८ साली मृत्युपत्र न करता ते वारले. मागे पत्नी, दोन मुलं आणि एक मुलगी. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू आहे. त्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुलगी हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, म्हणून प्रत्येकाला घराचा पाव हिस्सा मिळाला. मुलीचं लग्न झालं होतं की नाही, याने फरक पडत नाही.

२००१ मध्ये आईही मृत्युपत्र न करता गेली. तिचा पाव हिस्सा तिन्ही मुलांत सारखा वाटला गेला आणि प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांश झाला. २०१५ मध्ये धाकटा भाऊ वारला. त्याचा एक तृतीयांश त्याची पत्नी आणि मुलगा यांच्यात निम्मा-निम्मा, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश गेला.

म्हणजे आज घराचे मालक चार आहेत: थोरला भाऊ, बहीण, धाकटी वहिनी आणि पुतण्या. यासाठी कुठे अर्ज करावा लागला नाही. माणूस गेला त्याच क्षणी हक्क वारसांकडे येतो, नोंद नंतर होते.

(ही गणितं हिंदू वारसा कायद्याची आहेत. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत वाटे वेगळे पडतात आणि गोव्यात वारशाचा कायदाच वेगळा आहे.)

एकट्याचा कब्जा म्हणजे सगळ्यांचा कब्जा

परक्या माणसाने तुमच्या जागेत उघडपणे, तुमचा हक्क नाकारून बारा वर्षं ठाण मांडलं, तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे मूळ मालकाचा हक्क संपू शकतो. यालाच प्रतिकूल कब्जा म्हणतात.

पण थोरला भाऊ परका नाही. तो स्वतः एक मालक आहे आणि मालकाला घरात राहण्याचा हक्क असतोच. त्यामुळे कायदा असं धरतो की एक सहहिस्सेदार राहतोय तो सगळ्यांच्या वतीने राहतोय. पी. लक्ष्मी रेड्डी विरुद्ध एल. लक्ष्मी रेड्डी या जुन्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. एका वारसाने एकट्याने घर वापरलं, उत्पन्न घेतलं, एवढ्याने दुसऱ्या वारसाचा हक्क जात नाही. त्याला डावलल्याचं सिद्ध व्हावं लागतं.

डावललं असं कधी म्हणायचं? विद्या देवी विरुद्ध प्रेम प्रकाश या १९९५ च्या निकालात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. घर फक्त माझंच आहे, असा विरोधी दावा जाहीर झालेला हवा. कब्जा दीर्घ आणि अखंड हवा. आणि एकट्याची मालकी उघडपणे, दुसऱ्या वारसाला माहीत असताना बजावलेली हवी. हे सिद्ध करण्याची जबाबदारी घरात राहणाऱ्यावर असते.

मग घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, दुरुस्तीचा खर्च? हे सगळं एकत्र घर सांभाळणारा माणूसही करतो. त्यामुळे त्यातून विरोधी दावा दिसत नाही.

उताऱ्यावर फक्त भावाचं नाव असेल तर?

बहिणींचा धीर सुटतो तो बहुधा इथे. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढली, तर त्यावर एकट्या भावाचं नाव दिसतं.

या नोंदी कर वसुलीसाठी आणि महसुली कामासाठी असतात. त्यांनी मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. फेरफार बघताना भावाच्या नावाजवळ 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' अशी अक्षरं आहेत का, तेही पाहावं. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा कर्ता. अशी नोंद असेल, तर भावाचं नाव सगळ्यांच्या वतीने लागलं होतं, हे दाखवायला तीच उपयोगी पडते.

"इतकी वर्षं का गप्प बसलीस?"

या प्रश्नाला बहिणीकडे कायद्यातलंच एक उत्तर आहे. हिंदू वारसा कायद्यात पूर्वी कलम २३ होतं. कुटुंब राहत असलेल्या घरात मुलीचा हिस्सा असला, तरी मुलगे वाटणी करायचं ठरवेपर्यंत तिला वाटप मागता येत नव्हतं. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झालं. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बहिणीला १९८८ ते २००५ या काळात मागायची सोयच नव्हती.

घड्याळ कधी सुरू होतं?

बारा वर्षांची मुदत वडिलांच्या मृत्यूपासून मोजली जात नाही. भावाने हक्क नाकारला आणि ते बहिणीला कळलं, तिथून ती सुरू होते. समजा, बहिणीने २०२४ मध्ये वकिलामार्फत नोटीस दिली आणि भावाच्या उत्तरात लिहिलं होतं, "घर माझ्या एकट्याचं आहे, तुमचा काही संबंध नाही." त्याआधी असा नकार कधी आला नसेल, तर दावा लावायला २०३६ पर्यंत वेळ आहे. ते उत्तर आणि त्याचं पाकीट जपून ठेवायला हवं.

खरा धोका जुन्या नकारात असतो. १९९५ साली भावाने पत्र लिहून हिस्सा नाकारला असेल, बहिणीला घरात यायला बंदी केली असेल किंवा तिला माहीत असताना अख्खं घर स्वतःचं म्हणून विकलं असेल, तर त्या तारखेपासून मुदत चालू झाली, असा युक्तिवाद तो करू शकतो. अनेक दशकं काहीच संबंध उरला नसेल, तर इतर परिस्थिती पाहून न्यायालय डावलल्याचा निष्कर्ष काढू शकतं.

म्हणून संबंध टिकून होते, हे दाखवणारे पुरावे कामाचे ठरतात. शेवटपर्यंत त्याच घरात राहिलेली आई, दर दिवाळीला भाऊबीजेचा मुक्काम, माहेरच्या पत्त्यावर आलेली पत्रं, "एकदा बसून वाटणी करू" असा भावाचा मेसेज. ज्याने हिस्सा मान्य केलाय, त्याने तो त्याच वेळी नाकारला होता, असं म्हणणं अवघड जातं.

हिस्सा खरोखर कधी जातो?

नोंदणीकृत हक्कसोड पत्र असेल तर. स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडण्याचा दस्त नोंदवावा लागतो. साध्या कागदावरची सही, तलाठ्यासमोरचा जबाब किंवा "लग्नात दागिने दिले होते" एवढ्याने हक्क सुटत नाही. मात्र "वारस नोंदीसाठी सही कर" असं सांगून दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडच नोंदवून घेतल्याच्या तक्रारी पुष्कळ असतात. तो दस्त रद्द करून घ्यायचा असेल, तर खरी गोष्ट कळल्यापासून तीनच वर्षं मिळतात. त्यामुळे नोटीस देण्याआधी त्या घराचे नोंदवलेले दस्त आणि इंडेक्स टू तपासावेत.

वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल किंवा आधीच रीतसर वाटणी झाली असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो.

दावा लावला तर काय होतं?

वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात लावतात. त्यात चौघेही मालक पक्षकार हवेत आणि वडिलांची इतर मिळकतही घ्यावी लागते. एक वारस किंवा एक जमीन सुटली, तरी दावा अडकतो. आधी प्राथमिक हुकूमनाम्यात कुणाचा किती वाटा ते ठरतं. मग कोर्ट कमिशनर जागा पाहून वाटणी सुचवतो आणि अंतिम हुकूमनामा होतो. हे दोन टप्पे मिळून अनेक वर्षं जाऊ शकतात.

बहिणीला एक तृतीयांश मिळाला, तरी भावाला बाहेर काढता येत नाही. तोही मालक आहे. तीन खोल्यांच्या घराचे तुकडे पडत नसतील, तर १८९३ चा वाटप कायदा उपयोगी येतो. निम्म्या किंवा जास्त हिस्स्याच्या मालकांनी मागणी केली, तर न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं. बहीण, वहिनी आणि पुतण्या मिळून दोन तृतीयांश होतात, म्हणजे त्यांना ही मागणी करता येते. मग भाऊ त्यांचे हिस्से न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत मागू शकतो.

समजा, घराची किंमत ६० लाख ठरली आणि भावाने २००९ मध्ये स्वखर्चाने चढवलेल्या मजल्याचे ९ लाख त्याला देणं न्याय्य वाटलं. उरले ५१ लाख. बहिणीला १७ लाख, वहिनी आणि पुतण्याला प्रत्येकी साडेआठ लाख. एवढे ३४ लाख देऊन घर भावाकडेच राहतं. खालच्या खोल्या भाड्याने दिल्या असतील, तर त्या भाड्याचा हिशेबही यात मागता येतो.

हेच गणित कोर्टात न जाता, चौघांनी बसून नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोड करूनही मांडता येतं. फक्त बोलणी चालू असतानाही घड्याळ थांबत नाही. पहिला "नाही" कधी आला होता, ती तारीख आधी लिहून काढावी आणि तिच्यात बारा वर्षं मिळवावीत.