गणवेश, ध्वज आणि जर्सी : छायाचित्रातील स्थळखुणा

छायाचित्र कुठे काढले आहे हे त्यातील दृश्यावरून ठरवताना उपयोगी पडणाऱ्या कापडी खुणांचा हा गट. शाळेचा गणवेश, राष्ट्राचा, पक्षाचा किंवा क्लबाचा झेंडा आणि खेळाडूंची जर्सी या तिन्हींचे रंग ठरलेले असतात, म्हणून त्या चटकन नजरेत भरतात आणि पाहणाऱ्याला लगेच एखादे नाव सुचवतात. चूक होते तीही त्यामुळेच. हे कापड त्या जागी कोणी आणले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. गणवेश शाळा किंवा सरकारच्या आदेशाने अंगावर येतो, झेंडा निष्ठेपोटी लागतो, तर जर्सी बाजारातून येते. आदेशाला हद्द असते, निष्ठेला ती फारशी नसते आणि बाजाराला तर मुळीच नसते. या तिघांवर किती भरवसा ठेवायचा, तेही याच क्रमाने ठरते.

गणवेश नेमका कसा बोलतो याचे चांगले उदाहरण दक्षिण अमेरिकेत आहे. अर्जेंटिनातील सरकारी प्राथमिक शाळांची मुले नेहमीच्या कपड्यांवर पांढरा डगला घालतात. शेजारच्या उरुग्वेतही पांढराच डगला असतो, पण गळ्याशी मोठा निळा बो बांधतात. तो बो दिसला तर उरुग्वे म्हणायला भक्कम आधार मिळतो. दिसला नाही तर मात्र अर्जेंटिना सिद्ध होत नाही, कारण शाळा सुटल्यावर मूल बो सोडून खिशात टाकू शकते आणि पांढरा डगला बोलिव्हियातही दिसतो. खूण असण्याला जितके वजन द्यावे तितके ती नसण्याला देऊ नये, हा या कामातला महत्त्वाचा नियम आहे. इंडोनेशियात रंगावरून जागा कळण्यापेक्षा इयत्ता अधिक कळते: प्राथमिकला पांढरा-लाल, माध्यमिकच्या खालच्या टप्प्याला पांढरा-गडद निळा आणि वरच्याला पांढरा-करडा. हे रंग देशभर सारखेच असल्याने बेट ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. शिवाय आठवड्यातल्या काही दिवशी तीच मुले स्काउटच्या तपकिरी पोशाखात किंवा बाटिकच्या शर्टात असतात.

भारतात अशी फसगत केंद्रीय विद्यालयांच्या बाबतीत होते. त्यांचा गणवेश देशभर एकच आहे आणि काठमांडू, मॉस्को व तेहरान इथल्या केंद्रीय विद्यालयांमुळे तो देशाबाहेरही दिसू शकतो. महाराष्ट्रात २०२४-२५ या शैक्षणिक वर्षी सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली गेली आणि पुढल्या वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. अशा बदलांमुळे गणवेश कधीकधी जागेपेक्षा साल अधिक नेमके सांगतो. खासगी शाळांचे मात्र उलट आहे. खिशावरचा बिल्ला वाचता आला तर थेट एका इमारतीपर्यंत पोचता येते. ज्या मुलाचे छायाचित्र आहे त्याच्या दृष्टीने हे धोक्याचे आहे, म्हणून जबाबदार अभ्यासक तालुक्याच्या पातळीवर थांबतो आणि बिल्ला पुसट केल्याशिवाय चित्र पुढे देत नाही.

झेंड्यांच्या बाबतीत झालेली चूक अधिक महागात पडते. एप्रिल २०१९ मध्ये केरळमधील वायनाड येथे राहुल गांधींनी लोकसभेसाठी अर्ज भरला, तेव्हा मिरवणुकीत हिरवे झेंडे होते. ते पाकिस्तानचे झेंडे असल्याचा दावा समाजमाध्यमांवर पसरला. प्रत्यक्षात ते काँग्रेसच्या मित्रपक्षाचे, इंडियन युनियन मुस्लिम लीगचे होते. फरक साध्या डोळ्यांनी कळण्यासारखा आहे. पाकिस्तानच्या झेंड्यात काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो आणि चंद्रकोर व तारा हिरव्या भागाच्या मध्यावर असतात. लीगचा झेंडा संपूर्ण हिरवा असून कोर व तारा काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतात. झेंडा वाऱ्याने दुमडला की मात्र कोपरा कुठला आणि मध्य कुठला हे कळेनासे होते. म्हणून एकाच चित्रातले अनेक झेंडे तपासावे लागतात. दहांपैकी एक तरी पुरता उलगडलेला सापडतो.

फुटबॉल विश्वचषकाच्या काळात केरळ, कोलकाता आणि बांगलादेश इथे अर्जेंटिना व ब्राझीलचे झेंडे घरांवर, गल्ल्यांवर चढतात. २०२२ मध्ये कोळिक्कोडजवळच्या पुल्लावूर गावी नदीत मेस्सी आणि नेमार यांचे अवाढव्य कटआउट उभारले गेले होते. समजा, आपल्यापुढे एक चित्र आहे: अरुंद गल्ली, वर निळ्या-पांढऱ्या पताका, खाली त्याच रंगाची जर्सी घातलेले तरुण. ब्यूनस आयर्स म्हणण्याचा मोह होतो. पण पुढच्या घरावर ब्राझीलचा झेंडा असेल तर तो मोह आवरावा. या दोन देशांचे वैर इतके जुने आहे की दोघांचे झेंडे शेजारी लागण्याची जागा बहुधा तिसऱ्याच देशात असते. मग दुकानाची पाटी पाहावी. मल्याळम लिपी केरळकडे नेते, बंगाली लिपी पश्चिम बंगाल आणि बांगलादेश दोन्हीकडे. तिथे वाहनाची नंबरप्लेट निकाल देते. कोलकात्याच्या गाडीवर WB ही रोमन अक्षरे असतात, तर बांगलादेशी प्लेटवर शहराचे नाव बंगाली लिपीत असते. इथे झेंड्याने दिली ती फक्त वेळ, म्हणजे स्पर्धेचे दिवस. जागा पाटीने आणि प्लेटने दिली.

झेंडा मागून दिसला तरी घोटाळा होतो. आयर्लंडचे उभे पट्टे काठीपासून हिरवा, पांढरा, नारिंगी असे आहेत आणि आयव्हरी कोस्टचे बरोबर उलट. त्यामुळे काठी चित्राबाहेर असेल तर पट्ट्यांच्या क्रमावरून काही म्हणू नये. उलटी झालेली सेल्फीही हेच करते. ती ओळखण्यासाठी चित्रातली अक्षरे उलटी दिसतात का ते पाहावे. रुमानिया आणि चाड यांच्या झेंड्यांत तर निळ्या छटेच्या किंचित फरकापलीकडे काही वेगळे नाही आणि उन्हात विटलेल्या कापडावर ती छटाही टिकत नाही.

जर्सीवरून जागा ठरवू नये, असे म्हणण्यास हरकत नाही. वापरलेल्या कपड्यांचा व्यापार जगभर चालतो. श्रीमंत देशांतले कपडे गठ्ठ्यांनी पूर्व आफ्रिकेत उतरतात, आणि आपल्याकडे कांडला येथे असे कपडे निवडून, वर्गवारी करून पुन्हा बाहेर पाठवले जातात. अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी दोन्ही संघांच्या विजयाचे टी-शर्ट छापून ठेवतात. हरलेल्या संघाचे शर्ट धर्मादाय संस्थांमार्फत परदेशी वाटले जात. त्यामुळे झांबियातल्या एखाद्याच्या अंगावर कधीच न घडलेल्या विजयाची घोषणा असू शकते.

जानेवारी २०१६ मध्ये एका लहान मुलाचे पाठमोरे चित्र जगभर फिरले. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्लॅस्टिक पिशवीची जर्सी त्याच्या अंगावर होती आणि तिच्यावर पेनाने मेस्सीचे नाव व १० हा आकडा लिहिला होता. मुलगा इराकच्या कुर्दी भागातील दोहुकचा असल्याचे आधी सांगितले गेले. नंतर तो अफगाणिस्तानातील गझनी प्रांतातला असल्याचे निष्पन्न झाले. त्या पिशवीतून मुलाचा आवडता खेळाडू कळत होता. गाव कळेल असे तिच्यात काही नव्हते. ते कळले मुलाला ओळखणाऱ्या माणसांकडून.