हलत्या चित्राचें नळकांडें

विल्यम जॉर्ज हॉर्नर हा इंग्लंडांतील बाथ या गांवीं शाळा चालविणारा गणिती होता. १८३४ सालीं त्यानें एका साध्या उपकरणाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं दोन वर्षें बेल्जियममधील शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यानें चित्रांची फिरती चकती तयार केली होती. परंतु ती आरशासमोर धरून एका वेळीं एकालाच पाहतां येई. हॉर्नरनें चकतीऐवजीं वरून उघडें, फटी पाडलेलें नळकांडें घेतलें. त्यामुळें भोंवतीं बसलेल्या चार जणांना तीच गंमत एकदम दिसूं शकली.

पुढें तीस वर्षांहून अधिक काळ या कल्पनेकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. १८६७ सालीं अमेरिकेंत विल्यम लिंकन यानें फटी नळकांड्याच्या वरच्या भागांत ठेवल्या आणि चित्रांची सुटी कागदी पट्टी खालच्या भागांत बसविली. झोइट्रोप या नांवानें हें खेळणें विकलें जाऊं लागलें. पट्टी बदलतां येते, म्हणून मुलांना स्वतः काढलेलीं चित्रें त्यांत घालून पाहतां येतात, हा या फेरफाराचा खरा लाभ होय.

घरीं तें करावयाचें तर एका बाजूनें काळा रंगविलेला पुठ्ठा घ्यावा. लांबी ४८ सेंटिमीटर व उंची १५ सेंटिमीटर असावी, आणि जोडासाठीं थोडा पुठ्ठा अधिक सोडावा. वरच्या अर्ध्या भागांत दर ४ सेंटिमीटरांवर एक, अशा १२ उभ्या फटी कापाव्या. प्रत्येक फट ३ मिलिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर उंच असावी. मग काळी बाजू बाहेर ठेवून नळकांडें वळावें; त्याचा व्यास सुमारें १५ सेंटिमीटर भरतो. तळाला पुठ्ठ्याची गोल चकती चिकटवून तिच्या मध्यांतून एक खिळा लाकडाच्या ठोकळ्यांत ठोकावा, आणि चकती व ठोकळा यांच्या मध्यें एक मणी ओवावा, म्हणजे नळकांडें सहज फिरतें. खिळा नेमका मध्यावर नसला, तर चित्र एका जागीं ठरत नाहीं.

आतां चित्रांची पट्टी. ती ४८ सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद कापून तिचीं १२ सारखीं घरें पाडावीं. पहिल्या घरांत चेंडू सर्वांत वर काढावा. दुसऱ्या घरापासून तो मूळ जागेच्या खालीं अनुक्रमें १, ४, ९, १६, २५ आणि ३६ मिलिमीटर यावा. सातव्या घरांत तो जमिनीला टेकतो. पुढील पांच घरांत २५, १६, ९, ४ आणि १ असें उलट जावें. पडणाऱ्या वस्तूनें कापलेलें अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हा गॅलिलिओचा नियम येथें कागदावर उतरतो. दर घरांत सारखें ६ मिलिमीटर अंतर ठेवलें, तर चेंडू उसळल्यासारखा वाटत नाहीं. कोणी दोरीनें वरखालीं ओढल्यासारखा वाटतो.

चेंडू मात्र गोल काढूं नये. तो १२ मिलिमीटर उंच आणि २० मिलिमीटर रुंद असावा. जवळची फट डावीकडे जात असतांना समोरचें चित्र उजवीकडे जात असतें. त्यामुळें फटींतून तें अरुंद दिसतें. फूटभर अंतरावरून पाहिल्यास हा आडवा चेंडू बहुतेक गोल होतो.

पट्टी आंत बसवून, वरून उजेड पाडून, सेकंदाला एक फेरा या गतीनें नळकांडें फिरवावें. प्रथम मुलांना कांठावरून आंत पाहूं द्यावें. तेथें नुसता करडा पट्टा दिसतो. मग फटींतून पाहूं द्यावें. चेंडू उसळूं लागतो! फट १ सेंटिमीटर रुंद केली, तर उजेड वाढतो, पण चेंडूच्या कडा फांकतात. १ मिलिमीटर केली, तर कडा रेखीव, पण चित्र काळोखांत बुडतें.

डोळा मागचें चित्र क्षणभर धरून ठेवतो, म्हणून चित्र हलतें, असें मुलांना सांगण्याचा प्रघात आहे. हें उत्तर अपुरें आहे. नुसतें धरून ठेवल्यानें चित्रांवर चित्रें साचतील, आणि कांठावरून दिसला तो करडा पट्टाच पुन्हां दिसेल. रेंगाळणारा ठसा दोन फटींमधला अंधार कांहींसा झाकतो, एवढेंच. चलन दिसतें त्याचें कारण मनांत आहे. मॅक्स वेर्टहायमर यानें १९१० सालीं फ्रांकफुर्ट येथें अशाच खेळण्यापासून आपल्या प्रयोगांस आरंभ केला आणि १९१२ सालीं ते प्रसिद्ध केले. दोन रेघा एकीमागून एक दाखविल्या आणि मधला काळ सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास ठेवला, तर एकच रेघ सरकल्यासारखी दिसे. तो काळ पांचव्या हिश्शाएवढा वाढविला, तर दोन वेगळ्या रेघा दिसत.

याची प्रचीति घेण्यास प्रयोगशाळा नको. फिरतें नळकांडें आपोआप मंदावूं द्यावें आणि फटींवरची नजर काढूं नये. चार सेकंदांना एक फेरा या सुमारास उसळणारा चेंडू नाहींसा होतो, आणि त्याच्या जागीं एकामागून एक निरनिराळे चेंडू येऊं लागतात. नळकांडें अजून फिरतच असतें. चित्रांची सांगड घालणारें मन तेवढें थांबलेलें असतें.